थ्रीडी प्रिंटमधला वरचा थर खडबडीत का येतो?

थ्रीडी प्रिंटरवर एखादा चौकोनी ठोकळा छापला, की त्याच्या चारही बाजू बहुतेक वेळा नीट येतात. तळही चकचकीत येतो, कारण तो काचेच्या किंवा स्टीलच्या सपाट बेडवर बसलेला असतो. पण चार-पाच तास मशीन चालून शेवटी जो पृष्ठभाग तयार होतो, जो आपल्याला आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी दिसतो, नेमका तोच बिघडतो. सपाट हवा तिथे छोट्या छोट्या उशा मांडल्यासारखे फुगवटे येतात, मध्ये मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी भोकं राहतात आणि बोट फिरवलं की खरखर लागते. प्रिंटिंग करणारे या दोषाला पिलोइंग म्हणतात. महाग मशीन घेऊन तो आपोआप जात नाही. मूळ कारण समजलं, तर साध्या मशीनवरही तो जातो.

कारण समजून घ्यायला वस्तू आतून कशी असते ते पाहावं लागेल. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देणारा प्रिंटर वस्तू क्वचितच भरीव छापतो. बाहेरच्या दोन-तीन भिंती, खाली काही भरीव थर, वर काही भरीव थर आणि मधल्या पोकळीत जाळी, अशी रचना असते. या जाळीला इन्फिल म्हणतात. ती किती दाट हवी हे टक्क्यांत सांगायचं असतं. घरगुती कामात ती १० ते २० टक्के ठेवतात, म्हणजे आतली ऐंशी-नव्वद टक्के जागा रिकामीच असते.

आता नोझल जाळी संपवून पहिला भरीव थर टाकायला येतं तो क्षण बघा. तोपर्यंत प्रत्येक नवी रेघ खालच्या रेघेवर दाबली जात होती. खालचा आधार आणि वरचं नोझल यांच्यात चेपल्यामुळे ती पसरट होई आणि शेजारच्या रेघेला चिकटे. या थरात मात्र रेघेला फक्त जाळीच्या भिंतींवर टेकू मिळतो, मधलं अंतर तिला हवेतून पार करायचं असतं. हवेत चेपायला काही नाही, म्हणून ती गोल आणि बारीक राहते. शेजारणीला नीट चिकटत नाही आणि गरम असल्यामुळे मधोमध खाली झोळ धरते. काही रेघा थंड होताना आक्रसतात आणि त्यांच्या कडा वर वळतात. पुढच्या थराच्या वेळी नोझल या वर आलेल्या कडांना घासून जातं, तिथलं प्लॅस्टिक ओढतं आणि आसपास ढीग करतं. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, अशी सुरुवात इथेच होते.

दुसऱ्या थराला खाली निदान झोळ पडलेल्या रेघा तरी मिळतात, म्हणून तो थोडा सावरतो. तिसरा आणखी सावरतो. प्रत्येक थर खालच्याची चूक थोडी थोडी बुजवत जातो आणि पुरेसे थर मिळाले, तर शेवटचा सपाट येतो. थर कमी पडले, तर बुजवण्याचं काम अर्धवट असतानाच प्रिंट संपते. पिलोइंगची सगळी गोष्ट ही अशी आहे. उपाय तीनच उरतात: बुजवायला जास्त थर द्या, हवेतलं अंतर कमी करा, किंवा हवेतली रेघ झोळ धरायच्या आत थंड करा. सेटिंगच्या भाषेत वरच्या थरांची संख्या, इन्फिलची घनता आणि पंख्याचा वेग.

या तिघांत पहिला मान वरच्या थरांचा आहे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण मात्र आधी इन्फिल वाढवतात. त्यात किती प्लॅस्टिक वाया जातं, ते एका उदाहरणावरून दिसेल.

कोल्हापूरकडचा माझ्या ओळखीचा एक तरुण शाळा-कॉलेजांसाठी स्मृतिचिन्हं करून देतो. त्याचा पाया म्हणजे ८० मि.मी. लांब, ६० रुंद आणि २० उंच ठोकळा, पीएलए प्लॅस्टिकचा. तो ०.२ मि.मी.च्या थरांत छापायचा, वर ४ भरीव थर, इन्फिल १५ टक्के, चौकटीची जाळी. पृष्ठभाग व्यवस्थित यायचा. एका गिऱ्हाइकाला बाजूवरची अक्षरं अधिक रेखीव हवी होती, म्हणून त्याने थराची जाडी ०.१ केली आणि बाकी काही बदललं नाही. अक्षरं सुरेख आली, पण वरची बाजू फुगवट्यांनी भरली. त्याला वाटलं, आतली जाळी विरळ आहे. त्याने इन्फिल १५वरून ३० टक्क्यांवर नेलं. फुगवटे लहान झाले, गेले नाहीत, आणि प्रिंटचा वेळ मात्र चांगलाच वाढला.

खरी गोम थरांच्या संख्येत होती. ०.२चे ४ थर म्हणजे ०.८ मि.मी. जाडीचं छप्पर. ०.१चे ४ थर म्हणजे फक्त ०.४ मि.मी. स्लाइसरमध्ये आकडा ४च दिसत राहिला, प्रत्यक्षात छप्पर निम्मं पातळ झालं. शिवाय ०.१च्या रेघेत प्लॅस्टिकही निम्मंच असतं, त्यामुळे ती हवेत अधिक लवकर तुटते आणि वळते. म्हणून थर मोजू नयेत, एकूण जाडी मोजावी. साधारण ०.८ ते १ मि.मी. जाडी मिळाली, तर बहुतेक वस्तूंना पुरते. म्हणजे ०.२ला ४ ते ५ थर, ०.१ला ८ ते १० थर, आणि ०.३च्या जाड थरांना ३ सुद्धा चालतात.

त्याने थर ४चे ९ केले, इन्फिल परत १५ टक्के केलं, आणि फुगवटे गेले. हिशोबही करून पाहण्यासारखा आहे. ८० गुणिले ६० गुणिले ०.१ म्हणजे एका थरात सुमारे अर्धा घन सेंटिमीटर प्लॅस्टिक. पीएलएची घनता १.२४ धरली, तर साधारण ०.६ ग्रॅम. वाढीव ५ थरांचे झाले ३ ग्रॅम. उलट, या ठोकळ्याच्या आतली पोकळी साधारण ८७ घन सेंटिमीटरची आहे. तिच्यात इन्फिल १५ टक्क्यांनी वाढवायचं, तर १३ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम जादा प्लॅस्टिक लागतं. ३ ग्रॅममध्ये होणाऱ्या कामावर १६ ग्रॅम खर्च करून ते अर्धवटच झालं होतं. कारण उघड आहे. इन्फिल वाढवलं की जाळी तळापासून वरपर्यंत दाट होते, गरज असते ती फक्त वरच्या मिलिमीटरभर.

स्लाइसर हे आकडे कुठे मागतो तेही सांगतो. प्रुसास्लायसरमध्ये `Layers and perimeters` या पानावर `Solid layers` समोर `Top` असं खण आहे, तिथे थरांची संख्या भरायची. त्याच्याच खाली `Minimum shell thickness` आहे. तिथे जाडी मि.मी.मध्ये लिहून ठेवली, तर थराची उंची बदलली तरी सॉफ्टवेअर स्वतःच थर वाढवतं आणि कोल्हापूरच्या तरुणाची झाली तशी फसगत होत नाही. क्युरामध्ये हेच `Top Thickness` आणि `Top Layers` या नावांनी मिळतं. तिथे जाडीच्या खणात आकडा भरणं शहाणपणाचं, संख्या ते काढून घेतं.

मग इन्फिलचं महत्त्व काहीच नाही का? आहे. हवेतलं अंतर किती हे तेच ठरवतं. चौकटीच्या जाळीत रेघा दोन दिशांना जातात आणि दिलेली टक्केवारी दोघींत वाटली जाते. रेघेची रुंदी ०.४५ मि.मी. धरली, तर २० टक्क्यांना दोन रेघांमधलं अंतर ४.५ मि.मी. येतं, १५ला ६ मि.मी. आणि १० टक्क्यांना ९ मि.मी. साडेचार-सहा मिलिमीटरचा पूल गरम पीएलए बऱ्यापैकी पार करतं. नऊवर झोळ स्पष्ट दिसू लागतो आणि ५ टक्क्यांना अंतर १८ मि.मी. होतं, तिथे रेघा सरळ जाळीत पडतात. म्हणून ज्या वस्तूची वरची बाजू मोठी आणि सपाट आहे, तिला १५ टक्क्यांच्या खाली नेऊ नये. याउलट ४० टक्क्यांच्या पुढे गेल्याने वरच्या पृष्ठभागाला काही फायदा होत नाही. तिथून पुढे ते ताकदीसाठी असतं.

वजन कमीच ठेवायचं असेल, तर जाळी फक्त वरच्या भागात दाट करता येते. क्युरामध्ये `Gradual Infill Steps` हा पर्याय आहे. तो १ केला, तर वरच्या भागात दिलेली घनता राहते आणि खाली ती निम्मी होते. वरचा दाट भाग किती मिलिमीटरचा, हे शेजारच्या `Gradual Infill Step Height`मध्ये सांगता येतं. प्रुसास्लायसरमध्ये वस्तूवर उजवं क्लिक करून उंचीचा पट्टा निवडता येतो आणि तेवढ्याच पट्ट्यासाठी वेगळं इन्फिल देता येतं. मोठ्या सपाट ट्रे किंवा पाट्या छापणाऱ्यांनी हे जरूर वापरावं.

जाळीचा नमुनाही थोडा फरक पाडतो. चौकटीच्या जाळीत रेघा एकाच थरात एकमेकींना छेदतात आणि छेदाच्या जागी प्लॅस्टिकचा बारीक उंचवटा तयार होतो. प्रिंट चालू असताना नोझल त्या उंचवट्यांवर टक-टक आपटल्याचा आवाज ऐकू येतो. असा आवाज येत असेल, तर गायरॉइड हा लाटांसारखा वळत जाणारा नमुना निवडावा. त्यात रेघा एका थरात एकमेकींना छेदत नाहीत.

आता पंखा. तो सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो, कारण तो फिरत असल्याचं दिसत असतं. इथेच एक घोटाळा होतो. प्रिंटरच्या डोक्यावर सहसा दोन पंखे असतात. एक नोझलच्या वरच्या धातूला थंड ठेवतो आणि नोझल गरम असेपर्यंत अखंड फिरतो. दुसरा, ज्याची हवा खाली वळवलेल्या नळीतून नुकत्याच पडलेल्या प्लॅस्टिकवर येते, तो आपल्या कामाचा. पहिला फिरताना बघून दुसरा चालू आहे असं धरून चालणारे अनेक जण मी पाहिले आहेत. दुसऱ्याला तपासायला प्रिंटरला ही आज्ञा देता येते:

```
M106 S255
M106 S128
M107
```

पहिली ओळ पूर्ण वेग, दुसरी अर्धा वेग, तिसरी बंद. आकडा ० ते २५५ असतो, टक्के नव्हे. प्रत्येक ओळ वेगळी पाठवा आणि दर वेळी आवाज बदलतो का ते ऐका. मग टिश्यू पेपरची बारीक पट्टी नोझलच्या खाली धरा आणि ती सगळ्या बाजूंनी सारखी फडफडते का ते बघा. हे करताना नोझल थंड असलेलं बरं.

कोल्हापूरच्या ठोकळ्यात हीच तपासणी उपयोगी पडली. थर वाढवल्यावर पृष्ठभाग सपाट झाला, पण डाव्या बाजूचा दोन बोटं पट्टा अजून खरखरीत होता. जाडी, इन्फिल, रेघा सगळं दोन्ही बाजूंना सारखं असताना दोष एकाच बाजूला असेल, तर संशय हवेवरच घ्यायचा. टिश्यूची पट्टी डावीकडे जवळजवळ हललीच नाही. नळीच्या तोंडाशी वितळून चिकटलेला प्लॅस्टिकचा एक धागा आणि त्यावर साठलेली धूळ, एवढंच कारण निघालं. चिमट्याने तो काढल्यावर पुढचा पाया दोन्हीकडे सारखा आला.

पीएलए साधारण २०० ते २१५ अंशांना वितळवून सोडतात आणि ते ६० अंशांच्या आसपास घट्ट होतं. हवेत लटकलेली रेघ हा पल्ला जितक्या लवकर उतरेल, तितका झोळ कमी. म्हणून पीएलएसाठी पहिला एखादा थर सोडला, तर पंखा १०० टक्के ठेवावा. पहिल्या थराला तो बंद ठेवतात, कारण तो थर बेडला चिकटायचा असतो. आता नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. खोलीच ४२ अंशांची असेल, तर पंखा ४२ अंशांचीच हवा फुंकणार. घट्ट होण्याच्या तापमानापासून ती हवा जेमतेम १८ अंश खाली आहे. हिवाळ्यात हेच अंतर ३५ अंशांचं असतं. त्यातून प्रिंटर बंद कपाटात किंवा पेटीत असेल, तर आतली हवा आणखी तापते. जानेवारीत नीट येणारी वस्तू मे महिन्यात खडबडीत येते तेव्हा सेटिंगला दोष देण्याआधी पेटीचं दार उघडा, नोझल पाच-दहा अंशांनी उतरवा आणि वरच्या थरांचा वेग कमी करा, म्हणजे प्रत्येक रेघेला थंड व्हायला थोडा अवधी मिळेल.

प्रत्येक प्लॅस्टिकला मात्र इतका वारा सोसत नाही. पीईटीजीला पूर्ण पंखा दिला, तर थर एकमेकांना कमी चिकटतात आणि वस्तू कमजोर होते. त्याला साधारण ३० ते ५० टक्के पुरे. एबीएसचं तर आणखी कठीण. वारा लागला की ते आक्रसतं, कोपरे उचलतात, थर फाटतात, म्हणून त्याला पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवतात. त्यामुळे एबीएसमध्ये पंख्याचा उपाय जवळजवळ हातचा जातो आणि सगळी भिस्त थरांवर आणि इन्फिलवर टाकावी लागते. तिथे मी वरची जाडी १.२ मि.मी. आणि इन्फिल २५ टक्के यांपासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. प्रुसास्लायसरमध्ये `Bridges fan speed` असं एक खण वेगळं आहे. पीईटीजीसाठी एरवीचा पंखा मंद ठेवून केवळ हवेतल्या रेघांपुरता तो वाढवायचा असेल, तर ते उपयोगी पडतं.

खडबडीत दिसणारा प्रत्येक पृष्ठभाग पिलोइंगचा नसतो, हेही ओळखता आलं पाहिजे, नाहीतर आपण भलत्याच जागी औषध लावतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पृष्ठभाग बघा. फुगवटे आणि भोकं ठरावीक अंतराने, आतल्या जाळीच्या घरांनुसार आली असतील, कडेला भिंतींच्या वर मात्र पृष्ठभाग नीट असेल, तर ते पिलोइंगच. रेघांमधल्या फटी सगळीकडे सारख्या, भिंतींच्या वरही दिसत असतील, तर प्लॅस्टिक कमी पडतंय. नोझल चोंदलंय किंवा फ्लो कमी आहे. याउलट रेघांच्या दोन्ही कडांना वरंबे उठले असतील आणि नोझलने ओढलेले चरे असतील, तर प्लॅस्टिक जास्त येतंय. आणि बारीक फोड, केसासारखे धागे आणि प्रिंट होताना नोझलमधून चुरचुर आवाज, अशी लक्षणं असतील, तर फिलामेंटने ओल धरली आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघडं ठेवलेलं रीळ असं हमखास वागतं. ते वाळवल्याशिवाय वरच्या थरांची संख्या कितीही वाढवली, तरी फरक पडत नाही.

पिलोइंग झाकायला अनेक जण आयर्निंग वापरतात. त्यात गरम नोझल शेवटच्या थरावरून अगदी थोडं प्लॅस्टिक सोडत इस्त्री फिरवल्यासारखं फिरतं. छप्पर आधीच भरीव असेल, तर त्याने पृष्ठभाग खरोखर गुळगुळीत होतो. पण खाली भोकं असतील, तर ती इतक्या थोड्या प्लॅस्टिकने बुजत नाहीत. वरची चकाकी वाढते आणि भोकं अधिकच उठून दिसतात. फ्लो वाढवून भोकं बुजवण्याचा प्रयत्नही असाच उलटतो, कारण जादा प्लॅस्टिक जिथे आधार आहे, तिथेही जातं आणि वरंबे उठतात.

पाच तासांची प्रिंट लावून शेवटी काय निघतं ते बघत बसण्यापेक्षा आधी ४० बाय ४० मि.मी.चा आणि ६ मि.मी. उंचीचा एक साधा ठोकळा छापा. सेटिंग तीच, जी मोठ्या वस्तूला वापरणार आहात, फिलामेंटही तेच. १५ टक्के इन्फिलला एका बाजूत जाळीची सहा घरं तरी येतात, म्हणजे दोष असेल तर लपत नाही. भरीव थर सुरू होतील तेव्हा मशीनजवळ उभे राहा आणि पहिल्या थरातल्या रेघा जाळीवर ताणून बसतात की झोळ धरतात ते डोळ्यांनी पाहा. झोळ दिसला, तर आधी पंखा तपासा, मग जाडी ०.८ ते १ मि.मी.पर्यंत न्या, आणि तरी फुगवटे राहिले तरच इन्फिलला हात लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक ठोकळ्याच्या खाली मार्करने सेटिंग लिहून ठेवा.